आज्जीचा व्हॉल्व्हचा रेडिओ प्रोजेक्टला घेतला, तुम्हीपण घेणार असाल तर या क्रमाने जा

आमच्या विट्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हटलं की लाइन फॉलोअर रोबोट नाहीतर मोबाईलवरून पंखा चालू करणं, दरवर्षी तेच. मी ई अँड टीसीला होतो आणि आमच्या घरी माळ्यावर आजोबांचा लाकडी रेडिओ पडून होता, आज्जी सांगायची की माझ्या बापाच्या लग्नात तो वाजत होता आणि नंतर एक दिवस नुसता गुं गुं करायला लागला म्हणून बंद केला तो बंदच. तोच उचलला. सरांनी विचारलं यात तू नवीन काय करणार, मी म्हटलं सर दुरुस्तीआधीची आणि नंतरची प्रत्येक पिनवरची व्होल्टेज मोजून दाखवतो, कुठला पार्ट का मेला ते सिद्ध करतो. सर म्हणाले चालेल, पण अडीचशे व्होल्ट डीसी असतं आत, लक्षात ठेव.

ते अडीचशे व्होल्ट तुम्हीपण लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यानंतर.

सगळ्यात आधी: प्लग लावायचा नाही

जुना रेडिओ हातात आला की प्रत्येकाला पहिली हुक्की येते ती लावून बघायची. नका लावू. तीस वर्षं पडलेल्या सेटमधले कंडेन्सर वाळलेले असतात, उंदराने वायर कुरतडलेली असते, आणि एकदा का ट्रान्सफॉर्मर जळाला की तो परत गुंडाळून देणारा माणूस शोधत बसावं लागतं.

मागचा पुठ्ठा काढा आणि आधी व्हॉल्व्हचे, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांचे, नंबर वाचा, कारण तुम्ही हा सेट हातात घ्यावा का नाही ते तिथेच ठरतं. माझ्यात ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि ईझेड८० असे पाच होते. पहिलं अक्षर ई म्हणजे फिलामेंट ६.३ व्होल्टवर चालतं, म्हणजे बहुतेक वेळा आत मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो आणि चासी, म्हणजे सगळे पार्ट बसवलेला पत्र्याचा सांगाडा, लाइनपासून वेगळी असते. पहिलं अक्षर यू असेल, म्हणजे यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ असे, तर सगळी फिलामेंट सिरीजमध्ये जोडलेली असतात आणि चासी थेट मेन्सच्या एका वायरला असते. प्लग उलटा लागला की अख्खी चासी फेज होते. पहिलाच सेट यू मालिकेचा असेल तर तो परत माळ्यावर ठेवा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि शिकवणारा माणूस दोन्ही मिळाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. यावर माझं मत अजिबात बदलणार नाही.

ई मालिका असेल तरी नुसत्या नंबरवर विश्वास टाकू नका. प्लगच्या दोन्ही पिनांपासून चासीपर्यंत मल्टीमीटरने मोजा, ओपन दिसलं पाहिजे. माझ्या सेटमध्ये लाइनपासून चासीला एक जुना कागदी कंडेन्सर जोडलेला होता, तो त्या काळी खरखर कमी करायला टाकायचे. तो लीक झाला की चासीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, म्हणून मी तो सरळ कापून टाकला.

मग फोटो. चासी बाहेर काढली की प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, कुठली वायर कुठल्या पिनला आहे ते स्पष्ट दिसेल असा. मी चाळीसेक काढले होते आणि त्यातले चार लॉगबुकला चिकटवले.

थंड सेटवर मोजायचं

प्लग न लावता मल्टीमीटरवर अर्धं काम होतं. मेन्स ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी माझ्याकडे ३८ ओहम आली, हायटेन्शनच्या, म्हणजे ते अडीचशे व्होल्ट जिथून येतात त्या वाइंडिंगच्या, दोन अर्ध्या बाजू २१० आणि २२५. दोन्ही सारख्या नाहीत म्हणून मी घाबरलो होतो, पण बाहेरच्या थराचा वेढा मोठा म्हणून वायर जास्त लागते, एवढा फरक नॉर्मल आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी ४८० ओहम. ही ओपन दाखवत असेल तर मोठा खर्च, म्हणून ती आधीच बघा. या पाचही व्हॉल्व्हचं फिलामेंट पिन ४ आणि ५ मध्ये असतं, व्हॉल्व्ह उपसून तिथे काही ओहम दिसले की फिलामेंट जिवंत. पिना मोजताना व्हॉल्व्ह उलटा धरायचा, पिना आपल्याकडे, आणि मोठ्या मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने १, २, ३. स्पीकरला दीड व्होल्टचा सेल टेकवला की टक् आवाज आला पाहिजे.

माझं हे सगळं ठीक निघालं. म्हणजे महागाच्या वस्तू शाबूत होत्या, मेले होते ते कंडेन्सर.

सिरीज बोर्ड

इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड बनवा, म्हणजे रेडिओच्या फेजमध्ये एक बल्ब. बल्ब जुना तारेचाच पाहिजे, एलईडीने हे काम होत नाही, कारण इथे गरम होणारी तारच करंट आवरते. मला ६० आणि १०० वॉटचे दोन बल्ब एका किराणा दुकानात मागच्या फळीवर मिळाले. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि रेडिओ वाचतो, एवढंच त्याचं काम.

प्लग लावायच्या आधी मागचा व्होल्टेजचा टॅप बघा. आजोबांनी तो २२० वर ठेवलेला, आमच्याकडे रात्री लाइन २४५ पर्यंत जाते, म्हणून सगळ्यात वरच्या म्हणजे २५० च्या टॅपवर नेला.

पहिल्यांदा ईझेड८० उपसून ठेवून सेट लावा. तो रेक्टिफायर आहे, तो नसला की अडीचशे डीसी कुठेच तयार होत नाही, फक्त फिलामेंट पेटतात. तरी ईझेड८० च्या सॉकेटवर हायटेन्शनचा एसी असतोच, तिथे बोट नको. माझा ६० चा बल्ब मंद नारिंगी झाला, डायलमागचे दिवे लागले आणि चारही व्हॉल्व्ह आतून लालसर दिसायला लागले, आज्जी शेजारीच बसली होती ती म्हणाली, “पेटला गं बाई!” मी म्हटलं आज्जे अजून आवाज यायचा नाही, अजून दोन आठवडे आहेत. अर्धा तास तसाच ठेवला, ट्रान्सफॉर्मर कोमट झाला, वास नाही, धूर नाही. हा अर्धा तास घाई करून वाचवू नका.

गुं गुं का यायचं

चासीवर एक ॲल्युमिनियमचा डबा असतो, त्यात ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. रेक्टिफायरमधून आलेल्या हेलकाव्यांना सपाट करणं त्यांचं काम, आतलं रसायन वाळलं की हेलकावे तसेच पुढे जातात आणि स्पीकरमधून गुंगाट येतो. आजोबांनी रेडिओ बंद केला तो यामुळे.

डबा दिसायला तसाच ठेवला, त्याच्या वायरी सोडवल्या आणि खाली चासीत ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन नवीन बसवले. इथे एक चूक बरेच जण करतात, वाटतं जास्त कपॅसिटी म्हणजे कमी गुंगाट, मग १०० टाका किंवा २२० टाका. ईझेड८० च्या डेटाशीटमध्ये पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० आहे. कंडेन्सर जेवढा मोठा तेवढा तो प्रत्येक सायकलला रेक्टिफायरमधून करंटचा मोठा झटका ओढतो, आणि व्हॉल्व्हची कॅथोड तो झटका सोसत नाही. ४७ वरच थांबा. पोलॅरिटी दोनदा बघा, उलटा लावलेला ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलायटिक फुटतो.

आणि यापुढे प्रत्येक वेळी आत हात घालायच्या आधी: प्लग काढा, १० किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कंडेन्सरच्या प्लस आणि चासीमध्ये पाच सेकंद धरा, मग मीटरने शून्य बघा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे लोक बघितलेत मी, ते करू नका. चालू सेटवर मोजताना मीटरची काळी वायर चासीला क्लिपने अडकवायची, लाल एका हातात आणि दुसरा हात खिशात.

पिन नंबर २

आता या सगळ्यात मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. गावात बसस्टँडमागे एक रेडिओ मेकॅनिक काका आहेत, आता मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात, त्यांना चासी दाखवली तर त्यांनी चष्मा वर केला आणि एका बदामी, मेण लावलेल्या कंडेन्सरवर टेस्टर ठेवला. “पोरा, आधी ह्यो काढ. बाकीचं नंतर बघू.”

तो ईबीसी८१ च्या प्लेटपासून ईएल८४ च्या ग्रिडपर्यंत जाणारा कपलिंग कंडेन्सर, ०.०१ मायक्रोफॅरडचा. आवाजाचा एसी सिग्नल पुढे सोडायचा आणि प्लेटवरचं डीसी अडवायचं, हे त्याचं काम. कागद आणि मेण वर्षानुवर्षं ओल धरतात आणि डीसी थोडं थोडं गळायला लागतं. मी तो मल्टीमीटरवर ओहममध्ये मोजला होता, ओपन दाखवत होता, आणि म्हणून तो चांगला आहे असं लॉगबुकमध्ये लिहूनसुद्धा टाकलं होतं. पण साधा मल्टीमीटर अगदी कमी व्होल्टवर मोजतो, तिथे कागद टिकतो, आणि गळती ९० व्होल्ट मिळाल्यावर दिसते.

प्रोजेक्टला आधीचं रीडिंग हवं होतं म्हणून काकांना शेजारी बसवून, नवे फिल्टर कंडेन्सर असताना, ईझेड८० बसवून सेट फक्त दोन मिनिटं चालवला. ईएल८४ ची पिन २ म्हणजे ग्रिड, तिथे चासीच्या हिशोबाने शून्य व्होल्ट पाहिजे. माझ्याकडे अधिक ४ आले. प्लेटवर ९० व्होल्ट, ग्रिडपासून चासीला १ मेगाओहमचा रेझिस्टर, त्यावर ४ व्होल्ट पडतात म्हणजे कंडेन्सर साधारण २१-२२ मेगाओहमच्या रेझिस्टरसारखा वागतोय. ऐकायला किती मोठा रेझिस्टर वाटतो ना, पण त्याने काय केलं बघा. पिन ३ म्हणजे कॅथोड, तिथे १५० ओहमचा रेझिस्टर, त्यावर ९.४ व्होल्ट मिळाले, म्हणजे करंट ६३ मिलीअँपिअर. कंडेन्सर बदलल्यावर तीच पिन ७ व्होल्ट दाखवायला लागली, म्हणजे ४७ मिलीअँपिअर. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॉट, २४० व्होल्टवर आधीच्या करंटने ती ओलांडली जात होती. असा सेट तासभर गाणी वाजवत बसला असता तर प्लेट लाल होऊन व्हॉल्व्ह संपला असता, आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरपण गेला असता. गंमत म्हणजे आवाज येत राहतो, थोडा फाटका येतो पण येतो, म्हणून लोकांना कळतच नाही.

त्याजागी ०.०१ मायक्रोफॅरड ६३० व्होल्टचा पॉलिस्टर टाकला. पिन २ वर शून्य. मग सगळेच मेणाचे कागदी कंडेन्सर एक एक करून बदलले, एक काढला की त्याच जागी नवीन लावायचा आणि मगच पुढचा, सगळे एकदम काढलेत तर फोटो असूनसुद्धा गोंधळ होतो. सिरॅमिक आणि मायकाच्या चपट्या कंडेन्सरना हात लावायचा नाही, ते सहसा चांगले असतात आणि ट्यूनिंग त्यांच्यावर अवलंबून असतं. हे सगळे पार्ट मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून एका मित्राकडून मागवले, चारशे रुपयांच्या आत सगळं आलं.

आवाज आला, स्टेशन नाही

आता १०० चा बल्ब लावून सेट चालू केला, बल्ब आधी चमकला आणि मग मंद झाला, तसाच झाला पाहिजे. व्हॉल्यूमच्या पॉटच्या मधल्या टर्मिनलला इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं की स्पीकरमधून घुर्र आलं, म्हणजे पुढचा ऑडिओचा भाग ठीक. पण काटा इकडून तिकडे फिरवला तरी एक स्टेशन नाही.

माझा मित्र म्हणाला हे आयएफटीच्या डब्यांचे स्क्रू ढिले दिसतात, आवळू का. आवळू देऊ नका कोणालाच! ते स्क्रू नाहीत, ट्यूनिंगचे कोअर आहेत, कारखान्यात सेट केलेले, सिग्नल जनरेटर नसताना फिरवले तर बहिरा झालेला सेट परत जागेवर आणणं अवघड.

शंका होती ईसीएच८१ च्या ऑसिलेटरवर. रेडिओ बाहेरच्या स्टेशनपेक्षा ४५५ किलोहर्ट्झ वर स्वतःचा एक सिग्नल तयार करतो, तो तयार झाला नाही तर काहीच ऐकू येत नाही. आणि तो तपासायला लॅबचं कुठलंच यंत्र लागत नाही, घरातला छोटा ट्रान्झिस्टर पुरतो. आमच्याकडे आकाशवाणी सांगली १२५१ वर खणखणीत येतं. ट्रान्झिस्टर सांगलीवर लावून मोठ्या रेडिओला चिकटून ठेवला. १२५१ मधून ४५५ वजा केले की ७९६. म्हणजे मोठ्या रेडिओचा काटा ७९६ जवळून जाताना त्याचा ऑसिलेटर १२५१ वर येणार आणि ट्रान्झिस्टरमध्ये सांगलीच्या बोलण्यावर शिट्टी ऐकू येणार, बारीक आवाजाची, मग जाड जाड होत गप्प, आणि पुढे परत बारीक. आणि पुणे केंद्र आहे ७९२ वर, म्हणजे शिट्टी जिथे गप्प होते तिथून केसभर सरकलं की पुणे. हे कागदावर मांडल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही. (तुमच्या सेटचा आयएफ, म्हणजे हाच फरक, ४५५ आहे का ते सर्किटवर बघून घ्या, काहींचा ४५२ किंवा ४७० असतो, मग आकडा तेवढा सरकतो.)

शिट्टी आली नाही. काटा अख्खा फिरवला, नाहीच. मी नवीन ईसीएच८१ मागवायला निघालो होतो, काका म्हणाले, “बँडस्विच पुसलास काय?” नव्हता पुसला. मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह बदलायच्या स्विचच्या चांदीच्या पत्र्या काळ्या पडलेल्या, ऑसिलेटरची कॉइल त्यांच्यातूनच जोडली जाते. प्लग काढून, डिस्चार्ज करून, कॉन्टॅक्ट क्लीनरचे चार थेंब आणि स्विच वीसेक वेळा इकडून तिकडे. पॉलिश पेपर लावू नका, चांदीचा थर निघून जातो.

परत लावलं आणि शिट्टी आली. पण काटा ८५० च्या आसपास असताना. ऑसिलेटर चालू आहे पण काटा खोटं बोलतोय, हे कळलं. ऑसिलेटर जुळवायचा ट्रिमर फिरवायच्या आधी गँग कंडेन्सर, म्हणजे काट्यासोबत फिरणाऱ्या पत्र्यांचा ट्यूनिंगचा कंडेन्सर, पूर्ण मिटवून बघा, तेव्हा काटा डायलच्या डाव्या शेवटच्या खुणेवर पाहिजे. माझा सहा मिलिमीटर पुढे होता, दोरीवरची चिमटी घसरलेली. सरकवून परत घट्ट केली, बास. मग पुणे ७९२ वरच लागलं, ट्रिमरला हात लावायची वेळच आली नाही.

खरखर

गच्चीवर दहा मीटर वायर टांगली आणि अर्थिंगच्या पाइपची वायर अर्थ सॉकेटला दिली. न्यूट्रलला अर्थ समजून जोडू नका. तरी घरात खरखर होती. ट्रान्झिस्टर हातात घेऊन घरभर फिरलो, जिथे खरखर वाढते तिथे जायचं, एक मोबाईल चार्जर सापडला आणि शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधल्या एलईडी ट्यूब. चार्जर काढला, ट्यूबचं काही करता येत नाही, शेड बंद झाली की सांगली स्वच्छ ऐकू येतं.

व्हायवाच्या दिवशी हेच आडवं येणार हे ओळखून ठेवा. लॅब काँक्रीटची, वीस कॉम्प्युटर चालू, तिथे रेडिओ नुसता भुंकतो. मी आदल्या दिवशी जाऊन बघून आलो आणि मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटमध्ये मोबाईलचा आवाज दिला, डावं आणि उजवं चॅनल ४.७ किलोओहमच्या एकेका रेझिस्टरमधून एकत्र करून, आणि फोन चार्जरला न लावता. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटलाच हे करा, यू मालिकेला कधीच नाही. काही जण सुचवत होते की आतलं सगळं काढ आणि ब्लूटूथचं बोर्ड बसव, सोपं पडेल. ते करायचं असेल तर खोकं सुताराकडून बनवून घ्या, चालणारा सेट फोडू नका.

एक्स्टर्नल सरांनी आधी तक्ता बघितला, आधीचं आणि नंतरचं, मग बोट ठेवलं ४७ मायक्रोफॅरडवर. “शंभरचा का नाही टाकलास?” मी ईझेड८० ची ५० ची मर्यादा सांगितली, त्यांनी पिन २ चा ४ व्होल्टचा आकडा वाचला, जरा थांबले आणि म्हणाले रेडिओ उचल आणि व्हरांड्यात चल. तिथे खिडकीच्या गजाला वायर अडकवली, वाकडीतिकडी का होईना सांगली लागलं, बाजारभाव चालू होते, आणि सर ते संपेपर्यंत उभे राहिले.

रेडिओ आता आज्जीच्या खोलीत आहे, सकाळी तास-दीड तास चालतो. दर दोन महिन्यांनी मी मागचा पुठ्ठा काढून मीटर लावतो. पिन २ वर अजून शून्य आहे.